गाडी फलाट ओलांडते तेव्हा

वेग, अंतर आणि वेळ यांच्या स्वाध्यायपत्रिकेच्या शेवटी उत्तरसूची असते. ज्या मुलाला उदाहरण सुटलेले नाही, त्याला तीतील नुसत्या आकड्यातून काहीच उमगत नाही. त्याच्यासाठी निदान एक उदाहरण पायरीपायरीने सोडवून द्यावे लागते. असे एक येथे पाहू.

१५० मीटर लांबीची आगगाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावत आहे. ३५० मीटर लांबीचा फलाट ती किती वेळात ओलांडेल?

मूळ पत्रिकेत फलाट २५० मीटरचा होता. तसा ठेवल्यास सेकंदाचा वेगही २० आणि उत्तरही २० येते, आणि कोणते वीस कशाचे हे नवशिक्याला कळत नाही. म्हणून फलाट वाढवला.

नमुना उत्तराची पहिली ओळ सूत्राची नसावी, चित्राची असावी. फलाटाची एक रेघ काढावी आणि ‘ओलांडणे’ या शब्दाचा अर्थ लिहावा : इंजिनाचे तोंड फलाटाच्या अलीकडच्या टोकाशी आले की आरंभ, शेवटचा डबा पलीकडच्या टोकाबाहेर पडला की अंत. आता केवळ इंजिनाच्या तोंडाकडे पाहावे. ते ३५० मीटर जाऊन फलाटाबाहेर पडते. परंतु मागची सारी गाडी अजून फलाटावरच असते. ती बाहेर येण्यास तोंडाला आणखी १५० मीटर जावे लागते. अंतर ३५० + १५० = ५०० मीटर.

दुसरी पायरी एककांची. अंतर मीटरमध्ये आहे, वेग किलोमीटरमध्ये. एका तासात ७२ किलोमीटर म्हणजे ३,६०० सेकंदांत ७२,००० मीटर. ७२,००० ÷ ३,६०० = २०, म्हणजे सेकंदाला २० मीटर. ‘५/१८ ने गुणा’ ही युक्ती वेळ वाचवते खरी, पण आरंभी ती देऊ नये; मूल ५/१८ की १८/५ यातच अडकते.

तिसऱ्या पायरीत विचारावे : सेकंदाला २० मीटर, तर ५०० मीटरला किती सेकंद? ५०० ÷ २० = २५ सेकंद. वेळ = अंतर ÷ वेग हे सूत्र या ओळीखाली लिहावे.

काही मुले ७.५ सेकंद असे उत्तर आणतात. ते नुसते खोडू नये. ७.५ सेकंदांत इंजिन १५० मीटर जाते. त्याच्यापुढे २०० मीटर फलाट अजून उरलेलाच असतो, हे चित्रावर दाखवावे. वस्तुतः ७.५ हे खांब ओलांडण्याचे उत्तर आहे, कारण खांबाला मोजण्याजोगी लांबी नसते आणि गाडीला केवळ स्वतःची लांबी पार करावी लागते. पत्रिकेत बहुधा खांबाचे उदाहरण आधी असते, त्याचीच सवय पुढे येते.

यानंतरच्या उदाहरणात पुलाची लांबी द्यावी, पहिल्या दोन पायऱ्या लिहून द्याव्यात आणि तिसरी कोरी ठेवावी. त्यापुढच्यात फक्त रेघ काढून द्यावी. चौथे उदाहरण मुलाने कोऱ्या कागदावर सोडवावे.