बालवाडीतल्या मुलांशी शरीराविषयी बोलताना

तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर काम करताना कामी आलेल्या या पाच गोष्टी.

१. नावं आंघोळ घालतानाच सांगावीत. नाक, पोट, गुडघा ज्या आवाजात म्हणतो, त्याच आवाजात शिश्न आणि योनीही म्हणावं. घरात ‘शूची जागा’ म्हणत असतील तर म्हणू द्या, पण खरं नावही मुलाला ठाऊक हवं. नुसतं ‘खाली दुखतंय’ म्हटलं, तर आई ओवा देऊन मोकळी होते.

२. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ यात मुलं गोंधळतात. इंजेक्शन दुखतं, तरी ते वाईट नसतं. गुदगुल्या छान वाटतात, तरी त्यांच्या आडून कुणी गैरफायदा घेऊ शकतं. म्हणून मी सरळ नियम सांगते : “चड्डीच्या आतली जागा तुझी खासगी. तिथे हात लावायचा तो फक्त स्वच्छ करायला किंवा औषध लावायला. डॉक्टर तपासतील तेव्हा घरचं माणूस जवळ असेल. दुसऱ्या कुणी हात लावला, फोटो काढला किंवा स्वतःची जागा दाखवली, तर मला येऊन सांग. ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणाले, तरी सांग.”

३. नकाराची सवय घरातच लागते. मामाला पापी द्यायची नसेल, तर मुलाने नमस्कार करावा किंवा टाळी द्यावी. ‘पुरे’ म्हटलं की गुदगुल्या तिथेच थांबवाव्यात.

४. ‘आई-बाबांचं चित्र काढा’ असं मी सांगत नाही. ‘घरी कोण कोण असतं ते काढा’ म्हणते. एका मुलीने आजी, मावशी आणि शेळी काढली. शेजारच्याने विचारलं, “हिचे बाबा कुठेत?” मी म्हटलं, “हिला आजी आणि मावशी सांभाळतात. कुणाला एकटे बाबा सांभाळतात, कुणाला दत्तक घेतलेलं असतं, कुणाच्या घरी दोन आया असतात.” त्याचं समाधान झालं, तो पुन्हा रंगवायला लागला. बाबांबद्दल मीही तिला खोदून विचारलं नाही. मग त्याच चित्रावरून प्रत्येकाला विचारते, “भीती वाटली तर कुणाला सांगशील?” घरातली दोन नावं आणि घराबाहेरचं एक, बोटांवर मोजून पाठ करून घेते. बाहेरचं नाव हवंच, कारण त्रास देणारं माणूस कधीकधी घरातलंच असतं.

५. मुलाने काही सांगितलंच, तर आधी पूर्ण ऐकावं. “सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही,” एवढं म्हणावं. ‘त्यानेच केलं ना?’ असं विचारून उत्तर त्याच्या तोंडी घालू नये. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करून मदत मागता येते. २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द मुलाला कधीच देऊ नये. “तुला सुरक्षित ठेवायला मी मदत आणणार आहे,” असं सांगावं आणि त्याच दिवशी आणावी.