पाच वर्षं मागितली, अठ्ठावीस आली

बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती विभागासाठी मी बरीच वर्षं मुलाखती घेतो. आमची जाहिरात ठरलेली असते: शिफ्ट इन्चार्ज, बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरचं प्रमाणपत्र, अनुभव तीन ते पाच वर्षं. अर्जांत मात्र परळीच्या थर्मलमध्ये उभी हयात काढलेलं कुणीतरी असतंच. तिथे १९७१ पासून वीज होते आहे. आधी ३० मेगावॉटचे दोन संच आले, मग २१० चे तीन, पुढे २५० चे तीन. पहिले पाच आता बंद आहेत, आणि २०१३ मध्ये तर पाण्याअभावी सगळं केंद्रच थांबलं होतं. बॉयलरवरचा जाणता माणूस इकडे भरपूर, त्याच्या तोडीच्या जागा मात्र मोजक्या.

१. ‘तीन ते पाच’ यातला तीनचा आकडा कामाचा आहे, पाचचा पगाराचा. तीन वर्षांखालच्या माणसावर रात्रपाळी सोपवता येत नाही. पाच हा आकडा पगारपत्रकातून येतो. त्यापुढच्याला काम जमणार नाही, असं तो सांगत नाही. त्यामुळे निव्वळ वर्षं जास्त म्हणून मी अर्ज बाजूला ठेवत नाही. प्रमाणपत्र नसेल तर मात्र तीस वर्षंही चालत नाहीत. तिथे कायदा आहे.

२. वर्षं मोजायची ती आपल्या कामासारख्या कामाची. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव घेऊन एक गृहस्थ आले होते. थर्मलमध्ये बॉयलर, टर्बाइन, राख, पाणीशुद्धीकरण हे सगळे विभाग वेगळे. आमच्याकडे रात्री दोन वाजता या सगळ्याला शिफ्ट इन्चार्ज एकटाच जबाबदार. त्यांची वर्षं मी उलगडून विचारली. सुरुवातीची बारा-तेरा वर्षं बॉयलरच्या पॅनेलवर, मग देखभाल, शेवटची काही वर्षं नियोजनात, म्हणजे टेबलावर. आमच्या उपयोगाची निघाली ती बारा-तेरा, तीही जुनी. म्हणजे मागणीपेक्षा जास्तच, पण अठ्ठावीस नव्हेत. मोठा आकडा पाहून भारावणारे आणि बिचकणारे, दोघेही हा हिशोब करायचं टाळतात.

३. इंधन बदललं की हातही बदलावा लागतो, आणि ते एका प्रश्नात कळतं. मी विचारतो: उसाची मिल अचानक थांबली, तर तुम्ही काय कराल?

थर्मलमध्ये कोळशाची भुकटी जळते, ज्योत डळमळली तर तेलाचा आधार असतो, आणि वाफेचं काम एकच, टर्बाइन फिरवणं. आमचं इंधन म्हणजे मिलमधून थेट येणारा बगॅस, निम्मं पाणीच. मिल थांबली की बगॅस थांबतो. काही वेळाने रस आटतो, पॅनवाले वाफ घेणं कमी करतात. म्हणजे एकीकडे बॉयलरचा दाब उतरतो आणि दुसरीकडे साखरेकडे जाणाऱ्या वाफेच्या लाइनीत दाब चढतो. अशा वेळी यार्डातला साठवलेला बगॅस परतीच्या कॅरिअरवरून लगेच चालू करावा लागतो, टर्बाइनचा लोड उतरवावा लागतो, टर्बाइनमधून साखरेकडे काढली जाणारी वाफ कमी करावी लागते आणि ड्रममधल्या पाण्याच्या पातळीवरून नजर हलू द्यायची नसते.

अठ्ठावीस वर्षंवाल्यांनी पाण्याची पातळी सर्वांत आधी सांगितली. अंगात मुरलेला बॉयलरवाला असंच सांगतो. बगॅसचं त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्यांनी उलट विचारलं, “यार्डातला माल किती ओला असतो? पावसात भिजलेला आला तर?” नेमकी दुखरी जागा. ओला बगॅस भट्टीत गेला की भट्टी थंडावते, दाब पुन्हा घसरतो. हाच प्रश्न विचारल्यावर दुसऱ्या एका ज्येष्ठाने “ते खालचे लोक बघतात” असं उत्तर दिलं होतं. त्यांची वर्षं याहूनही जास्त होती. त्यांना घेतलं नाही.

४. ‘हा टिकणार नाही’ ही भीती सगळ्यांना सारखी लावू नये. निवृत्त माणसाचं घर परळीत किंवा अंबाजोगाईत असतं. तो कुठे जाणार? खरी जोखीम दहा-बारा वर्षं अनुभवाच्या चाळिशीतल्या माणसाची. तो आमच्या जागेवर वेळ काढतो, आणि जानेवारीत, ऐन गळितात, चांगला निरोप आला की निघतो. त्या वेळी प्रमाणपत्रवाला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कारखान्यात गुंतलेला असतो. म्हणून अशा उमेदवाराला मी सरळ विचारतो, हंगाम पुरा करणार का, आणि तशी अट पत्रात घालतो.

५. पगार आणि वरिष्ठ, दोन्ही आधीच सांगून टाकावं. आमचा चीफ इंजिनिअर त्या गृहस्थांच्या मुलाच्या वयाचा. मी त्यालाच मुलाखतीला बसवलं आणि बगॅसचे प्रश्न त्यालाच विचारायला लावले. उत्तरं देताना गृहस्थ माझ्याकडे पाहतात की त्याच्याकडे, एवढंच मी बघत होतो. ते त्याच्याकडे पाहत होते, मधूनच “साहेब, तुमच्याकडे कसं करतात?” असंही विचारत होते.

त्यांना शिफ्ट इन्चार्जच्याच पगारावर घेतलं, अठ्ठावीस वर्षांचा वेगळा भाव दिला नाही. पहिले दोन आठवडे बगॅसवर मुरलेला अटेंडंट जोडीला दिला. हंगाम संपल्यावर बॉयलरच्या नळ्यांची जाडी मोजण्याचं काम निघालं, तेव्हा देखभालीची ती मधली वर्षं कामी आली. त्या कामाचे पैसे मात्र वेगळे ठरवून दिले.