लग्नाच्या चित्रफितीचे संकलन

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वैशाखात माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले. खुब्याचे हाड मोडल्यामुळे आजी अंथरुणाला खिळलेली होती. तिला मांडवात नेता आले नाही. पुढे लग्नाचे चित्रण घरी आले, ते चार तास चाळीस मिनिटांचे. अर्ध्या तासापलीकडे आजीला उशीला टेकून बसवत नाही. तेव्हा दोन बैठकांत बघून होईल एवढे, म्हणजे पन्नास मिनिटांचे लग्न तयार करायचे, हे काम माझ्याकडे आले. "तू कॉलेजात जातोस, तुला येईल," एवढाच वडिलांचा युक्तिवाद. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे नाही म्हणण्याची सोय नव्हती. त्या महिन्याभरात जे शिकलो, ते येथे मांडतो.

पहिले काम कात्रीचे नसून वहीचे आहे. मूळ चित्रण जसेच्या तसे एका ठिकाणी राखून ठेवले आणि त्याची प्रत संगणकावर घेतली. मग काहीही न कापता सबंध चित्रण एकदा पाहिले. वहीत तीन रकाने केले : किती मिनिटाला, काय घडते, कोण बोलते. या टाचणावरून कळले की बँडची मिरवणूक, आहेर आणि पंगत यांनीच पावणेदोन तास घेतले आहेत. त्यांना मिळून मी सहा मिनिटे दिली. आहेरातला मामाचा आहेर ठेवला, बाकीच्यांचे नुसते चेहरे. एवढ्याने मोठा भार उतरला.

खरी अडचण विधींत येते. लांबलेला भाग दिसला की तो मधून तोडावासा वाटतो. पण सगळी पुनरावृत्ती सारखी नसते. हळदीच्या वेळी वीस बायका येऊन हळद लावतात. तेथे पहिल्या पाचजणी आणि शेवटची एक दाखवली तरी हळद पुरी होते. सप्तपदीचे तसे नाही. तांदळाच्या सात राशींवरून सात पावले पडली पाहिजेत. चार पावलांची सप्तपदी ही छोटी सप्तपदी नव्हे, ती सप्तपदीच नव्हे. म्हणून मी नियम केला : जेथे संख्या हाच विधी आहे तेथे संख्या पुरी ठेवायची आणि दोन पावलांमधले थांबणे तेवढे कमी करायचे. मंगलाष्टकांत मात्र कडवी अख्खीच ठेवली किंवा अख्खीच गाळली. पहिले ठेवले, मधली काही गाळली आणि अंतरपाट दूर होतो तेथील शेवटचे पूर्ण ठेवले. कडव्याच्या पोटात कापले की सूर तुटतो आणि कान लगेच ओळखतो. प्रत्येक कापणी 'सावधान' संपल्यावर, पुढचा श्वास घेण्याआधी केली.

क्रमाच्या बाबतीत माझी एक मोठी फसगत झाली. मांडवात मोठा कॅमेरा होता आणि आतल्या खोलीत चुलत बहिणीने फोनवर गौरीहराची पूजा टिपली होती. दोन्हींचे तुकडे मी त्यांवर नोंदलेल्या वेळेप्रमाणे लावले. पाहतो तो अंतरपाट दूर झाल्यावर नवरी गौरीहराशी बसलेली ! कॅमेऱ्याचे घड्याळ मागे होते, म्हणून मांडवातले सगळे अलीकडच्या वेळेचे दिसत होते. तुकड्यावरची वेळ ही यंत्राची वेळ असते. यंत्राचे घड्याळ कोणी लावले नसेल तर ती खोटी असते.

याचा उलगडा आवाजाने झाला. फोनच्या चित्रणात मागून मांडवातला लाउडस्पीकर ऐकू येत होता. कान देऊन ऐकले तर बोलणारे माझे वडील ! तोच शब्द मोठ्या कॅमेऱ्याच्या चित्रणात शोधला आणि दोन्ही आवाज एकमेकांखाली आणून जुळवले. घड्याळांत तेवीस मिनिटांचा फरक निघाला. तेवढ्याने फोनचे सगळे तुकडे अलीकडे सरकवताच ते आपापल्या जागी बसले. दोन यंत्रांचे चित्रण असले तर दोन्हींत ऐकू येणारा एखादा ठळक शब्द आधी शोधावा.

आता भाषणांविषयी. आमच्याकडे अक्षतांपूर्वी पाहुण्यांचे सत्कार आणि आशीर्वादाची भाषणे होतात. व्यासपीठावरील मान्यवरांच्या नावांची यादी मी सर्वत्र गाळली. पुढाऱ्यांच्या भाषणांतील एकेक सलग उतारा ठेवला. वडिलांचे भाषण तीन मिनिटांचेच होते, तरी तेथेही माझी कात्री चालली. एका वाक्यावर मूल मोठ्याने रडत होते, म्हणून ते वाक्य काढले. पुढे अकरा सेकंद वडील नुसते उभे होते, तेही काढले. दुसऱ्या दिवशी ते भाषण पुन्हा ऐकले आणि चरकलो. पडद्यावर माझे वडील सांगत होते : "शेवटी चुलीपुढंच बसायचं."

मूळ बोलणे असे होते : "लोक म्हणायचे, पोरीला बारावीपतूर शिकवून काय करायचंय? शेवटी चुलीपुढंच बसायचं." मग ती अकरा सेकंदे. मग, "मी कुणाचं ऐकलं न्हाई. पाव्हणं, तुमीबी ऐकू नका. तिला पुढं शिकायचं असंल तर शिकू द्या." रडण्याबरोबर मी 'लोक म्हणायचे' काढले होते आणि लोकांचे बोलणे वडिलांच्या तोंडी घातले होते. भाषणात शब्द कमी करताना 'ते म्हणाले', 'पण', 'नाही' हे छोटे शब्द कोठे जातात ते आधी पाहावे. वाक्य ठेवायचे तर ते कोणाचे आहे हे सांगणारा भागही ठेवावाच लागतो. माझ्या चुकीची परीक्षा सोपी होती : कापलेले भाषण कागदावर उतरवून मूळ भाषणाशेजारी ठेवले. जेथे अर्थ फिरला तेथे तो कागदावर चटकन दिसला.

भाषण मी पूर्ववत केले, रडण्यासकट. ती अकरा सेकंदेही ठेवली. कारण ते थांबणे रिकामे नव्हते, त्यांना पुढचे बोलता येत नव्हते. फक्त त्या जागी चित्र फोनवरचे घेतले. आवाज जुळवताना कळले होते की त्याच क्षणी ताई गौरीहरापाशी बसून लाउडस्पीकरवरून हे ऐकत होती. तिने मान वर केली होती. श्रोत्यांचे चित्र मध्ये घालायचे तर ते त्याच क्षणाचे असावे. दुसऱ्या वेळचे हसू या भाषणावर लावणे ही लबाडी ठरते.

शेवटी आजीला दाखवले. तिला अक्षर येत नाही, पण विधींची यादी तिच्या जिभेवर आहे. लाह्यांचा होम झाला तशी ती म्हणाली, "आरं, कानपिळी कुठं गेली?" नवरदेवाचा कान पिळणारा नवरीचा भाऊ मीच. आठ सेकंदांची ती थट्टा, त्यात माझाच अवतार, म्हणून गाळली होती. ती परत घातली आणि पंगतीतली आठ सेकंदे काढली. जाणत्या माणसाला दाखवल्यावाचून संकलन पुरे झाले असे समजू नये.

वडिलांचे भाषण आले तेव्हा आजी काही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "परत लाव." पन्नास मिनिटांच्या लग्नातला तेवढाच भाग तिने तीनदा पाहिला. मूळ चित्रण मात्र मी पुसलेले नाही.