तिसऱ्या पाळीचं पोट

रात्रपाळीच्या माणसाला सगळे झोपेबद्दल विचारतात. पोटाबद्दल कुणी विचारत नाही आणि तोही आपणहून सांगत नाही. मी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत प्लांट ऑपरेटर आहे, राहायला बदलापूर पूर्वेला. आमच्या पाळ्या दर आठवड्याला फिरतात. पहिली सकाळी ७ ते ३, दुसरी ३ ते ११ आणि तिसरी रात्री ११ ते सकाळी ७. बसमध्ये कधी मोकळं बोलणं निघालं की कळतं, पोट साफ होत नाही ही तक्रार एकट्या-दुकट्याची नाही. कुणाच्या बॅगेत चूर्णाची डबी असते, कुणी एरंडेल घेतो, कुणी चार दिवस तसाच काढतो. मीही यातून बरीच वर्षं गेलो. त्यातून जे कळलं ते पाळीवाल्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून लिहितो.

सकाळी उठल्यावर कळ का येते, हे आधी समजून घेतलं पाहिजे. आपण झोपतो तेव्हा मोठं आतडंही जवळजवळ स्वस्थ असतं. जाग आली की ते हलू लागतं आणि दिवसातून मोजक्याच वेळा उठणारी जोरदार लाट आतला मळ खाली गुदाशयाकडे ढकलते. पोटात काही गेलं की तीच हालचाल आणखी वाढते. म्हणूनच सकाळच्या चहा-न्याहारीनंतर अर्ध्या तासाच्या आत शौचाला लागतं. झोपेतून उठणं, खाणं आणि हाताशी थोडा निवांत वेळ असणं, या तीन गोष्टी एकापाठोपाठ आल्या की काम सहज होतं.

हे सगळं शरीराच्या आतल्या घड्याळावर चालतं. या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा शोधणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर लागतं, पण आतड्याचं स्वतःचंही घड्याळ असतं आणि ते जेवणाच्या वेळांवर लागतं. तिसऱ्या पाळीत ही दोन घड्याळं एकमेकांपासून फुटतात. अमेरिकेतल्या परिचारिकांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात फिरत्या पाळीतल्या परिचारिकांना पोटाचे विकार जास्त आढळले आणि झोप किती चांगली-वाईट हे हिशेबात धरूनही तो फरक उरला. म्हणजे नुसती झोप भरून काढली की पोट सुधारेल, असं नाही. वेळाही सावरायला लागतात.

आता आमच्या तिसऱ्या पाळीचा एक आठवडा बघा. सोमवारी रात्री कामावर गेलो तरी आतलं घड्याळ अजून दिवसपाळीचंच असतं. त्यामुळे कळ येते ती सकाळी सहाच्या सुमाराला, आणि तीच आमची सगळ्यात गडबडीची वेळ. सॅम्पल काढायचं, लॉगशीट भरायची, रिअ‍ॅक्टरचं तापमान चढत असेल तर तिथून हलता येत नाही आणि रिलीव्हर सातशिवाय येत नाही. कळ दाबली जाते. दाबलेली कळ पाच-दहा मिनिटांत विरते, कारण गुदाशय थोडा सैलावतो आणि आत साठलेल्याची सवय करून घेतो. मळ मात्र तिथेच राहतो आणि आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. पावणेआठला घरी आलो, चहा घेतला, बसलो, तर काही होत नाही. ती लाट येऊन गेलेली असते आणि पुढची केव्हा येईल ते आपल्या हातात नसतं. मग आंघोळ करून झोपायचं. दुपारी कधी दाराची बेल वाजते, कधी मुलं शाळेतून येतात, आणि झोप तुकड्यातुकड्यांनी होते. दोन-तीन दिवसांत खडे होतात, पोट फुगतं, बसून आलो तरी काहीतरी उरलंय असं वाटत राहतं. गुरुवारपर्यंत जोर करावा लागतो आणि जोर करता करता चीर पडते. एकदा चीर पडली की दुखण्याच्या भीतीनेच माणूस कळ दाबतो आणि सगळं आणखी घट्ट होतं.

इथे चूर्ण येतं आणि त्याच्या वेळेबद्दल कुणी सांगत नाही. बाजारातल्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. तिचा परिणाम साधारण सहा ते बारा तासांनी होतो. दिवसा काम करणाऱ्याने रात्री घेतली तर सकाळी पोट साफ होतं, म्हणून डबीवर ‘रात्री झोपताना’ असं लिहिलेलं असतं. पाळीवाला ती रात्री नऊला घेऊन कामावर गेला तर पहाटे प्लांटमध्ये पोटात मुरडा येतो. सकाळी आठला घेऊन झोपला तर भर झोपेत उठावं लागतं आणि झोप मोडली की पुढच्या दिवसाची कळ आणखी बिघडते. याहून मोठी अडचण अशी की एकदा पोट पूर्ण रिकामं झालं की आतड्यात पुन्हा पुरेसा मळ साठायला दोन दिवस लागू शकतात. त्या दोन दिवसांत कळ येत नाही हे अगदी स्वाभाविक आहे, पण माणसाला वाटतं पुन्हा अडलं आणि तो पुन्हा चूर्ण घेतो. आमच्यातले पुष्कळ जण याच चक्रात फिरत राहतात.

मला यातून बाहेर काढलं ते अंबरनाथच्या एका डॉक्टरांनी. त्यांनी आधी रक्त पडतं का, वजन घटलं का ते विचारलं. हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईड तपासलं. ते ठीक निघाल्यावर दोन आठवडे वही लिहायला सांगितली. झोपलो कधी, उठलो कधी, पोटभर जेवलो कधी, कळ आली कधी आणि तेव्हा जाता आलं की नाही, एवढंच. मळाचं रूपही लिहायचं : सुटे कडक खडे, गाठीगाठींचा घट्ट, मऊ सलग की पातळ. वही पाहून ते म्हणाले, “तुमची कळ मेलेली नाही हो. ती रोज येते, फक्त तुम्ही तेव्हा प्लांटमध्ये असता.” औषधापेक्षा या एका वाक्याने माझं जास्त काम केलं.

त्यांनी सांगितलेली मुख्य गोष्ट अशी. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळ कधी होते हे आपण ठरवायचं, आणि ती मोठ्या झोपेनंतर लगेच ठेवायची. मी कामावरून निघताना काळा चष्मा लावतो, कारण सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदूचं घड्याळ दिवस सुरू झाला असं धरतं. घरी हलकं काहीतरी खाऊन साडेआठला झोपतो. खिडकीला जाड पडदा, बेल बंद, फोन दुसऱ्या खोलीत. दोनच्या सुमाराला उठलो की लगेच गरम पाणी आणि भाकरी-भाजी, वरण-भात असं पूर्ण जेवण. नुसता चहा पुरत नाही, आतड्याला जागं करायला पोटात नीट भर पडावी लागते. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, कळ असो वा नसो, शौचाला जाऊन बसायचं. पाच-सात मिनिटं, जोर न करता. झालं नाही तर उठायचं. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्यायचा, म्हणजे गुडघे वर येतात आणि मार्ग सरळ होतो. भारतीय पद्धतीच्या संडासात हे आपोआपच होतं.

रात्रीचं मोठं जेवण निघण्याआधी घरीच करतो. मध्यरात्रीनंतर कॅन्टीनचा वडा-पाव टाळतो आणि तीननंतर चहा घेत नाही, कारण चहाचा अंमल सकाळच्या झोपेवर पडतो. पाणी मात्र मुद्दाम पितो. प्लांटच्या उकाड्यात घाम जातो आणि सारखं लघवीला जावं लागू नये म्हणून आमचे लोक पाणी तोडतात, त्याची किंमत पोट मोजतं. इसबगोल घ्यायचं असेल तर एक-दोन चमचे, मोठ्या ग्लासभर पाण्यात, कालवल्या कालवल्या. त्याचा गुण दोन-तीन दिवसांनी दिसतो, त्याच रात्री नाही. कमी पाण्यात घेतलं तर ते उलट अडतं.

याने पहिल्याच आठवड्यात चमत्कार होत नाही. पाळी बदलते तो सोमवार अजूनही कठीण जातो. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानेच सरकतं. तिसरीनंतर पहिली पाळी लागली तर पहाटे पाचला उठून काहीच होत नाही आणि कळ कामावर दहा-अकराला येते. ती आली की जायचं. तेव्हा रिअ‍ॅक्टर सोडता येत असतो, फक्त सांगायला संकोच वाटतो. वेग अडवू नयेत यावर चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अख्खा अध्याय आहे आणि त्या यादीत मळाचा वेग आहे. म्हणजे ही लाजायची गोष्ट तेव्हाही नव्हती.

पाळी नसलेल्यांचंही हेच होतं. बदलापूरहून पहाटेची लोकल धरणारे पाच तास झोपून उठतात, चहा घशाखाली घालून धावतात आणि कळ येते ती डोंबिवली-ठाण्याच्या मध्ये, गर्दीत, जिथे संडास नाही. उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यांत सणासुदीच्या आधी रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चालते. ज्या गल्लीत पाणी पहाटे येतं तिथे बाईची झोप नळावर संपते. या सगळ्यांना अर्धा तास लवकर उठून न्याहारी करून निवांत बसायला हवं, पण तो अर्धा तास रात्री लवकर झोपूनच काढावा लागतो. आणि रविवारी दहापर्यंत झोपलं की सोमवारची कळ हमखास चुकते.

सगळा दोष पाळीवर मात्र घालू नका. मळातून रक्त जात असेल, वजन न ठरवता उतरत असेल, अंगात रक्त कमी भरलं असेल, पोटदुखीने किंवा जुलाबाने गाढ झोपेतून जाग येत असेल किंवा पंचेचाळिशीनंतर पोटाची सवय अचानक बदलली असेल, तर वही लिहीत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, काही वेदनाशामकं आणि काही रक्तदाबाच्या गोळ्यांनीही मळ घट्ट होतो. नवी गोळी सुरू झाल्यावर त्रास लागला असेल तर तेही सांगा.

पाळ्यांचा तक्ता करणाऱ्या शिफ्ट इनचार्ज मंडळींना दोन विनंत्या आहेत. पाळ्या पुढच्या दिशेने फिरवा : पहिली, मग दुसरी, मग तिसरी. शरीराला उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. आणि तिसऱ्या पाळीत साडेपाच ते साडेसहा या वेळात प्रत्येक ऑपरेटरला पंधरा मिनिटं सोडवायला एक माणूस ठेवा.