परदेशातील एकादशी आणि तेथला सूर्योदय

पंढरीची वारी ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यांची मुलेबाळे आज नोकरीधंद्यासाठी साता समुद्रापलीकडे नांदत आहेत. गळ्यातली माळ तिकडेही आहे आणि एकादशीही सुटलेली नाही. पण एकादशी धरायची ती कोणत्या दिवशी, हा पेच मात्र तिकडे वारंवार पडतो. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात राहणाऱ्या एका कुटुंबाची हकीकत येथे उदाहरणादाखल घेऊ, म्हणजे गोष्ट हिशेबाने ध्यानात येईल.

सन २०२५ ची कार्तिकी. पंढरपुरास ती रविवारी, २ नोव्हेंबरला झाली. या घरातल्या सासूबाई मुलाकडे गेल्या तेव्हा ट्रंकेत देशातले पंचांग घेऊन गेल्या होत्या. त्यात २ तारखेला भागवत एकादशी छापलेली. सूनबाईंनी गावाचे नाव घालून टेलिफोनवरचे पंचांग पाहिले, तर त्यात १ तारीख, शनिवार. सून म्हणाली, "आई, इथे तर उद्याच एकादशी दाखवतंय." सासूबाई म्हणाल्या, "अगं, पंढरीची एकादशी रविवारी, आणि आपली शनिवारी कशी होईल? ते यंत्र चुकलं असेल." यंत्र चुकले नव्हते आणि छापील पंचांगही चुकले नव्हते. दोन्ही आपापल्या गावापुरती खरी होती.

याचे मर्म एवढेच आहे की तिथी आकाशात ठरते आणि दिवस जमिनीवर ठरतो. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. तो क्षण साऱ्या पृथ्वीला एकच. पंढरपुरात एकादशी संपते त्याच क्षणी ती न्यू जर्सीतही संपते, फक्त भिंतीवरच्या घड्याळात वेळ निराळी असते. सूर्योदय मात्र प्रत्येक गावाचा वेगळा. आणि दिवसाला नाव मिळते ते सूर्योदयाला जी तिथी असेल तिचे. म्हणून तिथीचा क्षण देशातल्या पंचांगातून घेता येतो, सूर्योदय घेता येत नाही. तो आपण राहतो त्या गावचाच हवा.

आता हिशेब मांडू. भारतीय वेळेप्रमाणे त्या वेळची एकादशी १ नोव्हेंबरला सकाळी ९ वाजून ११ मिनिटांनी लागली आणि २ तारखेला सकाळी ७ वाजून ३१ मिनिटांनी संपली. पंढरपुरास २ तारखेचा सूर्योदय साडेसहाच्या सुमारास, म्हणजे सूर्योदयाला एकादशी होती. १ तारखेच्या सूर्योदयाला दशमी होती, म्हणून भागवतांनी तो दिवस सोडला.

न्यू जर्सीचे घड्याळ त्या दिवशी आपल्या साडेनऊ तास मागे होते. दोन्ही वेळांतून साडेनऊ तास वजा करा. एकादशी लागली ३१ ऑक्टोबरला रात्री ११ वाजून ४१ मिनिटांनी, आणि संपली १ नोव्हेंबरला रात्री १० वाजून १ मिनिटाने. तेथे १ तारखेचा सूर्योदय ७ वाजून २५ मिनिटांच्या आसपास. त्या सूर्योदयाला शुद्ध एकादशी. २ तारखेच्या सूर्योदयाला द्वादशी लागून बराच वेळ झालेला. म्हणजे सासूबाईंनी रविवार धरला असता तर उपास द्वादशीला घडला असता आणि एकादशीला जेवण झाले असते.

वारकऱ्याने येथे आणखी एक गोष्ट तपासायची. आपण भागवत एकादशी धरतो. तीत नुसता सूर्योदय पाहून भागत नाही, तर सूर्योदयापूर्वी चार घटका, म्हणजे ९६ मिनिटे, अरुणोदयालाही दशमीचा वेध नसावा. न्यू जर्सीत ७.२५ मधून ९६ मिनिटे काढली की ५ वाजून ४९ मिनिटे येतात. दशमी तर आदल्या रात्रीच ११.४१ ला संपलेली. वेध नाही, दिवस निर्दोष. देशातल्या पंचांगात १ तारखेपुढे 'स्मार्त' हा शब्द असेल, पण तो शिक्का भारतातल्या सूर्योदयाचा आहे. न्यू जर्सीत तोच १ तारखेचा दिवस भागवतांचाही ठरतो.

पारण्याच्या वेळी आणखी एक खोडा आला. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात आणि हिवाळ्यापूर्वी मागे घेतात. २०२५ साली ते २ नोव्हेंबरच्या पहाटेच मागे घेतले. त्यामुळे आदल्या दिवशी ७.२५ ला दिसलेला सूर्य दुसऱ्या दिवशी घड्याळात ६.२७ च्या सुमारास उगवला आणि भारताशी अंतर साडेनऊ तासांचे साडेदहा झाले. द्वादशी भारतीय वेळेने ३ तारखेला पहाटे ५.०७ ला संपली. साडेदहा तास वजा केले की तेथे २ तारखेची संध्याकाळ, ६.३७. म्हणजे रविवारी सूर्योदयानंतर सकाळीच पारणे सोडायला भरपूर अवकाश होता.

वजाबाकी करताना छापील आकडा नीट वाचावा. काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरची वेळ चोवीसच्या पुढे मोजतात. २ तारखेपुढे २९ वाजून ७ मिनिटे छापले असेल तर ती ३ तारखेची पहाटेची ५.०७ समजावी. आणि तिथी घटिका-पळांत दिली असेल तर ती त्या पंचांगाच्या गावच्या सूर्योदयापासून मोजलेली असते. परदेशात ते आकडे तसेच वापरू नयेत, तासा-मिनिटांत दिलेली वेळच घ्यावी.

मग भरवसा कोणत्या पंचांगाचा धरावा? पंचांग दृक्‌गणिताचे असावे, म्हणजे आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या सूर्यचंद्राशी जुळणारे. सोलापूरचे दाते पंचांग किंवा भारत सरकारचे राष्ट्रीय पंचांग यांतून तिथीचा क्षण घ्यावा. जुन्या करणग्रंथांच्या गणिताचे पंचांग असेल तर तिथीच्या वेळेतच काही तासांचा फरक पडू शकतो. टेलिफोनवरचे पंचांग वापरायचे तर प्रथम त्यात गाव कोणते घातले आहे ते पाहावे, कारण पुष्कळदा ते मुंबई किंवा दिल्लीवरच राहिलेले असते. ओळखायची खूण सोपी आहे. त्यातला सूर्योदय अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने आपल्या गावासाठी दिलेल्या वेळेशी ताडून पाहावा. दोनचार मिनिटांचा फरक चालतो, कारण कोणी सूर्यबिंबाची वरची कड दिसली की उदय मानतात, तर कोणी बिंबाचा मध्य वर आल्यावर. नेमका एका तासाचा फरक दिसला तर घड्याळ पुढे-मागे करण्याचा घोळ समजावा. त्याहून निराळा फरक दिसला तर गावच चुकले आहे असे समजावे.

हा दोनचार मिनिटांचा फरक एरवी निरुपद्रवी असतो. पण तिथी सूर्योदयाच्या किंवा अरुणोदयाच्या अगदी तोंडावर संपत असेल तेव्हा आपल्या वजाबाकीवर विसंबू नये. दोन्ही वेळा कागदावर लिहून जाणत्या पंचांगकर्त्याला किंवा आपल्या फडावरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

त्या घरी अखेर शनिवारी उपास झाला. सासूबाईंनी स्वतः कागदावर साडेनऊ तास वजा करून पाहिले, तेव्हा त्यांची खात्री पटली. रविवारी सकाळी पारणे सोडून त्या भजनाला बसल्या. पंढरीची एकादशी त्यांच्या घड्याळात शनिवारी रात्रीच सुरू झाली होती आणि भजनाला काही सूर्योदयाचे बंधन नाही. पंचांगाच्या कोपऱ्यात मात्र त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले: 'तिथी देशातली, सूर्योदय इथला.'