पिकअप उलटली, तर भरपाई कोणाची?

प्रश्न : निफाडचा कांदा लासलगावला नेण्यासाठी पिकअप घेतली. चालक पगारी आहे. विमा कोणता घ्यावा? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मालकाने मालवाहू गाडीची पॅकेज पॉलिसी घ्यावी, नुसत्या थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान मिळत नाही.

खरी मेख गाडीत कोण बसले आहे, यात असते. समजा, पिकअप उलटली. आत चालक, एक हमाल, कांद्याचा मालक आणि वाटेत घेतलेले दोन पाहुणे. चालकाची कायदेशीर भरपाई पॉलिसीत येते, मालासोबतचा त्याचा मालकही येतो. हमालासाठी जादा हप्ता भरून त्याची नोंद पॉलिसीत करून घ्यावी. फुकट बसवलेल्या पाहुण्यांची जबाबदारी मात्र विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात सांगितले. तो भार गाडीमालकावर येतो.

गाडीचे भारासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल, तर चालकाला साधा एलएमव्ही परवाना पुरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालाने परवान्याचा हा वाद मिटला.

परमिटचे गणित वेगळे. हेच वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त असेल, तर परमिट हवेच. ते नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी जखमींना पैसे देऊन ते गाडीमालकाकडून वसूल करू शकते.