दवाखान्याचं स्टॉक रजिस्टर असं लावा

जाड बांधणीचं एक मोठं रजिस्टर, निळं आणि लाल पेन, लाल गोल स्टिकर आणि कपाटाची किल्ली एवढं घेऊन बसा. वेळ ओपीडी संपल्यानंतरची निवडा. मोजता मोजता कुणी सिरिंज मागायला आलं, की आकडा डोक्यातून गेलाच म्हणून समजा!

१. सगळ्या पानांना नंबर टाका. सुट्या पानांची फाइल नको. त्यातलं पान गेलं तर कळतही नाही.

२. पहिली दोन पानं अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडा.

३. शेवटच्या बारा पानांवर जानेवारी ते डिसेंबर लिहा. ही एक्स्पायरीची पानं, त्यांचं काम पुढे येईल.

४. एका वस्तूला एक पान द्या आणि माथ्यावर नाव, ताकद आणि एकक लिहा: 'सिरिंज ५ मिली, नग', 'पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, स्ट्रिप'. एकक इथेच ठरलं पाहिजे. नाहीतर एकजण '२' लिहितो ते डबे, दुसरा वाचतो ते नग.

५. रकाने आखा: तारीख, बॅच, एक्स्पायरी, जमा, खर्च, शिल्लक, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही.

६. कपाट मोजून 'जमा' लिहा, प्रत्येक बॅच वेगळ्या ओळीवर. मुदत संपलेलं काही सापडलं तर ते शिलकीत धरू नका. 'वापरू नये' लिहिलेल्या खोक्यात टाका. तिथून ते कंपनीकडे परत किंवा जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाईल.

७. माथ्यावर लाल पेनाने किमान पातळी लिहा. हिशेब सोपा आहे. समजा, रोज २० सिरिंज लागतात, ऑर्डर दिल्यापासून माल यायला ४ दिवस जातात आणि रविवार-सणासाठी आणखी ३ दिवस हाताशी हवेत. म्हणजे ७ गुणिले २०, १४०. शिल्लक १४० वर आली की ऑर्डर, संपल्यावर नाही. पावसाळ्यात ओआरएस आणि सलाईनचा खप वाढतो, तेव्हा जूनच्या आधी त्यांचे आकडे पुन्हा काढा.

८. ॲड्रेनॅलिनसारख्या इमर्जन्सी इंजेक्शनांना हा हिशेब लावू नका. महिनोन्महिने खप शून्य, म्हणून उत्तरही शून्य येईल! किती ॲम्प्यूल कायम हवेत ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. माझ्या मते, अख्ख्या रजिस्टरमध्ये सगळ्यात जास्त जपायचं पान हेच, कारण न वापरताच मुदत संपते ती याच औषधांची.

९. आता प्रत्येक बॅच तिच्या मुदतीच्या तीन महिने आधीच्या पानावर उतरवा. ॲड्रेनॅलिनवर ०८/२०२७ छापलं असेल तर ते ३१ ऑगस्टपर्यंत चालतं. त्याची नोंद मे महिन्याच्या पानावर: 'मे २०२७, ॲड्रेनॅलिन, बॅच अमुक, ५ ॲम्प्यूल'. वर्ष विसरू नका, कारण मे दरवर्षी येतो. पुढेही नवा माल आला की आधी ही ओळ, मगच कपाट.

१०. कपाटात लवकर संपणारी बॅच पुढे लावा. नवा डबा पुढे ढकलून मोकळं व्हायची सवय फार चिवट असते, लक्ष ठेवा.

११. दर महिन्याच्या १ तारखेला त्या महिन्याचं पान उघडा आणि त्यातल्या प्रत्येक डब्यावर लाल ठिपका चिकटवा. लगेच डिस्ट्रिब्यूटरला फोन करून परत घेणार का विचारा. मुदत अगदी जवळ आली की अनेकदा नकार मिळतो. इमर्जन्सी औषध असेल तर बदली माल हातात आल्याशिवाय जुनं हलवू नका.

१२. वस्तू देताना आधी ओळ लिहा. इंजेक्शन रूमसाठी सिस्टर २० सिरिंज मागतात, शिल्लक १५०. बॅच, खर्च २०, शिल्लक १३०.

१३. दोघांच्या सह्या घ्या, वस्तू टेबलावर असतानाच. 'संध्याकाळी एकदम करू' म्हटलं की संध्याकाळी कुणालाच काही आठवत नाही. देणारा आणि घेणारा एकच माणूस नको. एकटेच असाल तर दुसरी सही डॉक्टरांची.

१४. नवी शिल्लक लाल आकड्याशी ताडून पाहा. १३० हे १४० पेक्षा कमी, म्हणजे आत्ताच ऑर्डर. ओळीशेजारी 'ऑर्डर दिली' आणि तारीख लिहा, नाहीतर उद्या दुसरं कुणी तीच ऑर्डर पुन्हा देईल.

१५. आकडा चुकला तर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही करा. व्हाइटनर लावलेल्या पानावर कुणी विश्वास ठेवत नाही.

१६. दर शनिवारी कुठलीही पाच पानं उघडून प्रत्यक्ष माल मोजा. रजिस्टर १३० म्हणतंय आणि कपाटात १२६ आहेत? गुपचूप १२६ करू नका. 'तफावत ४' अशी वेगळी ओळ लिहून डॉक्टरांची सही घ्या. एकाच वस्तूची तफावत पुन्हा दिसली, तर बहुधा सही न करता वस्तू उचलली जातेय. तेवढ्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे द्या.